मीटिंगमध्ये कोणावर भडकलात, आता एकट्यात सॉरी म्हणायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं घर इंदूरला आणि नोकरी बरीच वर्षं पीथमपूरच्या औषध कंपन्यांमध्ये, एचआरला. सकाळची प्रॉडक्शन मीटिंग सुटली की माझ्याकडे येऊन बसणारे लोक दोन प्रकारचे असतात, एक ज्यांच्यावर कोणीतरी ओरडलं ते आणि दुसरे जे ओरडले ते, आणि खरं सांगू का, दुसरे जास्त वेळ बसतात. त्यांचे प्रश्न तेच तेच असतात म्हणून इथे एका जागी लिहून ठेवलेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत.

आधी ते उदाहरण सांगा

सोमवारची साडेनऊची मीटिंग. प्लांट हेडने विचारलं, शनिवारी पॅकिंग लाइन अर्धी शिफ्ट बंद का होती. पॅकिंगचा इनचार्ज, पस्तिशीतला, म्हणाला कार्टनच नव्हते सर. समोर स्टोअर सांभाळणारे काका बसलेले, पन्नाशी ओलांडलेले, ते एवढंच म्हणायला गेले की कार्टन तर आले होते, तर हा त्यांना मध्येच तोडून भडकला, "आपसे एक काम टाइम पे होता है क्या? हर बार का है ये!" खोलीत दहाबारा लोक. काकांनी रजिस्टर मिटलं आणि पुढे मीटिंगभर तोंड उघडलं नाही. दोघंही मराठी, एक रामबागेतला, एक सुदामा नगरातले, एकाच स्टाफ बसने येतात जातात.

मग दुपारी कळलं की कार्टन शुक्रवारी संध्याकाळीच आलेले होते, जीआरएन झालेला होता, म्हणजे माल आल्याची नोंद झालेली होती. पण औषध कंपनीत बाहेरून आलेलं पॅकिंग मटेरियल थेट लाइनवर देता येत नाही, ते आधी क्वारंटाइनमध्ये ठेवतात, क्यूसीवाले सॅम्पल घेऊन तपासतात, अप्रूव्ह्डचं लेबल लागतं, तेव्हाच स्टोअर ते इश्यू करू शकतं. इथे रिलीझ व्हायचं राहिलं होतं. म्हणजे काकांनी मनात आणलं असतं तरी शनिवारी ते कार्टन देऊ शकले नसते. आणि तोपर्यंत मीटिंगचे मिनिट्स सगळ्यांच्या मेलवर गेलेसुद्धा होते, त्यात एक ओळ होती, "स्टोअर: कार्टन देण्यात दिरंगाई, व्हेंडर फॉलो-अप वाढवणे."

ही ओळ लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच येणार आहे.

माझा मुद्दा बरोबर असेल तरी सॉरी म्हणायचं का?

हा प्रश्न नेहमी पहिला येतो आणि विचारणारा अर्धा भांडायच्या तयारीतच असतो. माझं उत्तर हे की आधी कागद घ्या आणि तुम्ही मीटिंगमध्ये जे वाक्य बोललात ते जसंच्या तसं लिहा, हिंदीत बोललात तर हिंदीतच लिहा, सौम्य करून नाही. मग त्याचे तुकडे पाडा. वरच्या उदाहरणात तीन तुकडे निघतात. लाइन बंद राहिली, हे खरं आहे, याच्याबद्दल सॉरी म्हणायची काही गरज नाही. ती स्टोअरमुळे बंद राहिली, हे खोटं निघालं, तर हे दुरुस्त करायचंय. आणि तिसरं, "हर बार" आणि "एक काम टाइम पे", हे कार्टनबद्दल नाहीचे, हे त्या माणसाच्या सगळ्या नोकरीबद्दल आहे, आणि तेही त्याला मध्येच तोडून. माफी या तिसऱ्या तुकड्याची मागायची.

समजा काकांचीच चूक असती, जीआरएन त्यांनीच दोन दिवस अडकवून ठेवलेला असता, तरी तिसरा तुकडा तसाच राहतो. फक्त दुसऱ्याची दुरुस्ती लागली नसती. लोक गडबड इथेच करतात, मुद्दा बरोबर असला की वाटतं सगळंच बरोबर होतं, आणि मुद्दा चुकला की मग एकदम सगळ्याच गोष्टीची माफी मागत सुटतात, लाइन बंद पडली त्याचीपण. समोरच्याला कळतच नाही की हा नक्की कशाबद्दल बोलतोय.

लगेच जाऊन बोलू की जरा थांबू?

मीटिंग संपल्या संपल्या दारातच पकडून "काका सॉरी हां, टेन्शनमध्ये होतो" असं म्हणणारे खूप आहेत. ते चांगल्या मनाने करतात पण बहुतेक वेळा उपयोग होत नाही, कारण समोरचा अजून आतून तापलेला असतो आणि त्याला जे म्हणायचं होतं ते त्याला म्हणताच आलेलं नसतं. यावर सिंथिया फ्रँट्झ आणि कोर्टनी बेनिगसन या दोघींचा 2005 चा अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की भांडणात फार लवकर मागितलेल्या माफीपेक्षा थोडी उशिरा मागितलेली जास्त पोचते, आणि त्याचं कारण हे की मधल्या वेळात दुखावलेल्या माणसाला वाटायला लागतं की आपलं ऐकून घेतलं, आपल्याला काय झालं ते याला समजलं. म्हणजे नुसता उशीर औषध नाहीये हं, त्या उशिरात त्याचं बोलणं व्हायला हवं.

आमच्याकडे मी जे सांगते ते असं, सकाळच्या मीटिंगमध्ये झालं असेल तर दुपारच्या जेवणानंतर ते बस सुटायच्या आत. तेवढ्यात तुमचंपण डोकं थंड होतं, जीआरएनची तारीख वगैरे बघून खरं काय ते कळतं, आणि समोरचा घरी जाऊन बायकोला, पोराला ही गोष्ट सांगायच्या आधी तुमचं बोलणं होतं. घरी एकदा सांगून झाली की ती गोष्ट पक्की होते, मग दुसऱ्या दिवशी तुम्ही एका माणसाशी नाही, अख्ख्या घराशी बोलत असता. शनिवारी झालं असेल आणि मध्ये रविवार येत असेल तर फोन करा, सोमवारपर्यंत ठेवू नका.

कुठे गाठायचं? आमच्याकडे एकट्यात बोलायला जागाच नाहीये

स्टाफ बसमध्ये नाही. राऊच्या पुढे गेल्यावर बस शांत होते, अर्धे झोपतात, आणि उरलेले अर्धे फक्त तुमचंच ऐकत असतात. कँटीनमध्ये जेवणाच्या वेळेला नाही. तुमच्या केबिनमध्ये बोलावूनसुद्धा नाही, कारण केबिनमध्ये बोलावणं म्हणजे परत तुम्ही खुर्चीत आणि तो समोर उभा, आणि बाहेर बसलेल्यांना वाटणार दुसरा डोस मिळतोय. आणि कृपा करून कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग टाकू नका, विषय न लिहिता, सकाळीच ज्याचा पाणउतारा झाला त्याला तुमच्याकडून असं निमंत्रण आलं तर तो दोन तास पोटात गोळा घेऊन बसेल.

तुम्ही त्याच्या जागेवर जा. स्टोअरवाल्यांकडे साधारण साडेतीन चारला गाड्या उतरवून झालेल्या असतात, तेव्हा जा, आणि "पाच मिनिटं आहेत का, कामाचं नाही, सकाळचं बोलायचंय" एवढं म्हणून बाहेर शेडकडे चालत चालत बोला. चालताना एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही, मोठ्या माणसांना ते बरं पडतं. आणि त्याने म्हटलं आत्ता नको, तर आत्ता नको. "मग केव्हा येऊ" विचारा आणि निघा.

नेमकं काय बोलायचं? शब्द द्या

देते, पण पाठ करून जाऊ नका, लगेच कळतं.

इनचार्जने काकांना साधारण हे म्हटलं होतं, मी त्याच्याशी आधी बसले होते म्हणून माहितीये: "काका, सकाळी मी तुम्हाला बोलू दिलं नाही, मध्येच तोडलं, आणि सगळ्यांसमोर म्हणालो की तुमच्याकडून एक काम वेळेवर होत नाही. ते खोटं आहे आणि ते म्हणायचा मला काही अधिकारपण नव्हता. माझं चुकलं. जीआरएन शुक्रवारचा आहे हे मी नंतर बघितलं, न बघता बोललो. मिनिट्समध्ये तुमच्या नावावर जे गेलंय ते मी आजच दुरुस्त करून पाठवतो." आणि मग तो गप्प बसला. गप्प बसणं यातलं सगळ्यात अवघड काम आहे, बहुतेक लोक इथून पुढे अजून पाच वाक्यं बोलून सगळं बिघडवतात.

यात काय आहे आणि काय नाहीये ते बघा. काय केलं ते नाव घेऊन सांगितलंय, तोडलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "जे काही झालं" असं गोल गोल नाही. चूक स्वतःवर घेतलीये. आणि काय भरून देणार ते वेळेसकट सांगितलंय. रॉय लेविकी, बेथ पोलिन आणि रॉबर्ट लाउंट या तिघांनी 2016 मध्ये माफीचे सहा भाग वेगवेगळे करून लोकांवर तपासले होते, खेद, कारण, जबाबदारी घेणं, परत करणार नाही म्हणणं, भरपाई करणं आणि क्षमा मागणं, त्यात सगळ्यात वजनदार ठरलं ते जबाबदारी घेणं, त्याच्यामागे भरपाई, आणि सगळ्यात कमी उपयोगाचं ठरलं ते "मला माफ करा ना" असं मागणं. मला यात नवल वाटत नाही, माफ करा ना म्हटलं की चेंडू त्याच्याकडे गेला, आता त्याने तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं, म्हणजे परत कामाला तोच.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे मात्र अजिबात नको. असेल तर म्हणजे काय? वाटलंच आहे.

टेन्शन होतं, वरून प्रेशर होतं, हे सांगायचंच नाही का? ते तर खरं असतं

सांगा, पण त्याने विचारलं तर. काकांनी विचारलं होतं, "अरे पण झालं काय होतं तुला सकाळी सकाळी?" तेव्हा त्याने सांगितलं की रविवारी रात्री उशिरा प्लांट हेडचा फोन आला होता, झोप नाही झाली. तेच वाक्य त्याने पहिलं टाकलं असतं तर ती सबब झाली असती. आणि तेव्हासुद्धा त्याच्यापुढे "पण" लावू नका, "पण तुम्हीपण जरा फॉलो-अप..." असं निघालं की मागचं सगळं पुसलं गेलं समजा. कामाचं जे खरोखर बोलायचंय, म्हणजे क्वारंटाइनमधला माल सुट्टीच्या आधी रिलीझ कसा होईल, ते दुसऱ्या दिवशी वेगळं बोला.

मराठीत बोलू की हिंदीत?

भडकला तर हिंदीत होता, कारण मीटिंग हिंदीत असते. एकट्यात दोघं मराठी असाल तर घरी जसं बोलता तसं बोला, आपोआप आवाज खाली येतो. फक्त आहो जाहो सोडू नका. रोज "काका, तुम्ही" म्हणत असाल तर आज जवळीक दाखवायला एकदम खांद्यावर हात टाकून "भिया, छोड़ो ना" असं करू नका, तो हात सकाळी कुठे होता असं समोरच्याच्या मनात येतंच. आणि समोरचा मराठी नसेल तर साहजिकच त्याच्या भाषेत, त्यात विचारण्यासारखं काही नाही.

ओरडलो सगळ्यांसमोर आणि सॉरी एकट्यात, हा पळपुटेपणा नाही का?

चांगला प्रश्न आहे आणि याच्यावर लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात सगळ्यांसमोर अपमान तर सगळ्यांसमोरच माफी. दुसरे म्हणतात एकट्यात मिटलं ना, मग झालं. माझ्या मते दोन्ही अर्धवट आहेत, कारण मीटिंगमध्ये दोन वेगळी नुकसानं झालीयेत. एक, माणूस दुखावला. ते एकट्यातच बोलायचं, कारण दहाबारा लोकांसमोर तुम्ही हात जोडून माफी मागितलीत तर त्याला त्याच क्षणी, तयारी नसताना, हसून "अरे ठीक है" म्हणावंच लागतं, नाहीतर तोच आखडू दिसतो. म्हणजे दुसऱ्यांदा त्याला सगळ्यांसमोर गप्प केलं तुम्ही.

दुसरं नुकसान म्हणजे त्या दहाबारा डोक्यांत एक चुकीची माहिती बसली, की शनिवारी लाइन स्टोअरमुळे बंद पडली, आणि ती मिनिट्समध्ये लिहिलीपण गेली. हे शेडमागे चालत चालत सॉरी म्हणून दुरुस्त होत नाही. वर्षाच्या शेवटी अप्रेजलला बसल्यावर कोणी ते मिनिट्स उघडले तर तिथे तुमची माफी नसते, "स्टोअर: दिरंगाई" असतं. काकांना खरी काळजी त्याचीच होती, ते मला नंतर म्हणालेपण की ओरडण्याचं काय, ओरडतात सगळे, पण ते लिहिलंय ना.

तर भावनेचं एकट्यात आणि माहितीचं जिथे बिघडली तिथेच. मिनिट्सच्या त्याच मेलवर, त्याच सगळ्या लोकांना, त्याच दिवशी उत्तर द्या. इनचार्जने पाठवायच्या आधी जे लिहिलं होतं ते असं होतं:

"सोमवारच्या मिनिट्समधल्या मुद्दा क्रमांक 4 मध्ये दुरुस्ती. कार्टन शुक्रवारी संध्याकाळी मिळाले होते आणि जीआरएन त्याच दिवशी झाला होता. शनिवारी मटेरियल क्वारंटाइनमध्ये होतं आणि रिलीझ बाकी होती, त्यामुळे इश्यू करणं शक्य नव्हतं. मीटिंगमध्ये मी दिलेली माहिती चुकीची होती. कृपया 'स्टोअर: दिरंगाई' ही नोंद काढावी. शनिवारी लागणारं मटेरियल आधी रिलीझ कसं होईल यावर पॅकिंग, स्टोअर आणि क्यूसी मिळून बुधवारपर्यंत प्रस्ताव देतील."

या मेलमध्ये सॉरी हा शब्द नाहीये आणि नकोच आहे. "मी दिलेली माहिती चुकीची होती" एवढं पुरतं, हे वाचून ज्याला समजायचं त्याला समजतं. दुसरं, यात "क्यूसीने सॅम्पलिंग केलं नाही" असं लिहिलेलं नाहीये. हा मोठा धोका असतो, स्टोअरवरून दोष काढायच्या नादात तो क्यूसीच्या मुलीच्या डोक्यावर ठेवायचा, आणि मग उद्या तिच्याकडे सॉरी म्हणायला जायचं. माल कुठे होता आणि कोणत्या टप्प्यावर होता एवढंच लिहा. आणि तिसरं, पाठवायच्या आधी काकांना वाचून दाखवा. काहींना तो विषय परत उकरायलाच नको असतो, त्यांनी नको म्हटलं तर निदान मिनिट्स लिहिणाऱ्याला सांगून ती ओळ बदलून घ्या, तेवढं तरी व्हायलाच पाहिजे. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वेळ टाक जीआरएनची, नुसतं संध्याकाळी नको." टाकली वेळ.

पुढच्या मीटिंगमध्ये मागचे मुद्दे वाचतात तेव्हा चौथ्या मुद्द्यावर त्याने एक वाक्य म्हटलं, "सर, वो करेक्शन भेजा है, कार्टन फ्रायडे को आ गए थे, मैंने गलत बोला था," आणि पुढे सरकला. लांबवलं नाही, हे बरं केलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर सॉरी पाठवलं तर चालेल?

तो रजेवर असेल, दुसऱ्या शिफ्टला असेल, किंवा देवासच्या युनिटला बसत असेल तर आधी फोन. फोन उचलला नाही तर मेसेज, पण त्यात पूर्ण माफी टाइप करत बसू नका, "सकाळी मी तुमच्याशी चुकीचं वागलो, त्याबद्दल बोलायचंय, केव्हा फोन करू?" एवढंच. लांबलचक मेसेज फॉरवर्ड होतात, स्क्रीनशॉट निघतात, आणि निळी टिक आल्यावर उत्तर नाही आलं तर रात्रभर तुम्हीच जागे. हात जोडलेला इमोजी एकटा पाठवणं म्हणजे तर काहीच न पाठवण्यासारखं.

क्षमावाणीला सगळ्यांना मेसेज जातोच की, त्यातच उरकलं तर?

इंदूरला हा प्रश्न येणारच, पर्युषण झालं की ऑफिसच्या ग्रुपवर "मिच्छामि दुक्कडम्" आणि "उत्तम क्षमा"चे मेसेज येतात, जैन नसलेलेपण टाकतात. चांगली रीत आहे, पण तिथे वर्षभरातलं कळत नकळत झालेलं सगळं येतं, आणि तुमचं तर नकळत नव्हतं, दहा लोकांनी ऐकलंय. आणि सोमवारी भडकलात तर भाद्रपदापर्यंत थांबणार का? माझ्या ओळखीचे एक जैन सीनियर आहेत, ते ग्रुपवर टाकत नाहीत, ज्याच्याशी खरंच वाजलं असेल त्याच्या टेबलापाशी जातात आणि काय वाजलं होतं ते सांगून क्षमा मागतात. तसं करत असाल तर हो.

काही खायला वगैरे नेऊ का?

नको. म्हणजे आठवड्याने छप्पन दुकानला खायला सगळे मिळून गेलात तर जा, पण सॉरी म्हणताना हातात कचोरीचा पुडा नको. घेतला तर माफ केलं आणि नाही घेतला तर राग धरला, असं होऊन बसतं ते.

मी सीनियर आहे, माझं वजन कमी नाही का होणार?

हुद्द्याने मोठे असाल तर उलट तुम्हीच आधी जायला हवं, कारण खालचा माणूस येऊन "तुम्ही मला असं का बोललात" हे म्हणू शकत नाही, त्याला नोकरी करायचीये. फक्त एक काळजी घ्या, त्याला लगेच काही बोलायची सक्ती नको, "तुला काही म्हणायचं असेल तर म्हण, आत्ता नाही तर नंतरही चालेल," आणि खरंच नंतर चालू द्या.

उलटं असेल, म्हणजे तुम्ही साहेबावर भडकलात, तर माफी तीच, पण ती मागताना नोकरीची भीती मध्ये आणू नका, "सर मेरा अप्रेजल..." असं निघालं की ती माफी राहत नाही, अर्ज होतो. आमच्या उदाहरणासारखं हुद्दा तुमचा मोठा आणि वय त्यांचं मोठं, हे आपल्या लोकांत सगळ्यात अवघड, कारण ऑफिसच्या हिशेबाने तुम्ही वर आणि घरच्या हिशेबाने ते. तिथे घरचा हिशेब धरा. अर्थात स्टोअरमध्ये सगळ्यांदेखत वाकून नमस्कार घालायला सांगत नाहीये मी, एकाने तसं केलं होतं, बिचारे समोरचे गृहस्थ पॅलेटवर पडता पडता वाचले.

ते म्हणाले "जाऊ दे रे, काही नाही", म्हणजे मिटलं का?

त्या दिवशी ते वाक्य फक्त एवढंच सांगतं की आत्ता हे बोलणं संपवूया. मिटलं की नाही ते पुढच्या दोनतीन आठवड्यांत कळतं आणि ते बोलण्यात नाही, कामात दिसतं. आधी जो माणूस फोनवर "पाठव गाडी, बघतो मी" म्हणायचा तो आता म्हणतो मेल टाका. प्रत्येक मेलमध्ये प्लांट हेड कॉपीत. मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि बोलला तर कागद दाखवून. बसमध्ये जागा बदलली. यातलं एखादं असेल तर सोडून द्या, चारही असतील तर नाही मिटलेलं.

मग परत सॉरी म्हणायला जायचं का, तर नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा माफी मागितली की समोरचा वैतागतो, त्याला वाटतं याला स्वतःचं ओझं उतरवायचंय. त्याच्याऐवजी जे मोडलं होतं तेच उलट करून दाखवा. तुम्ही त्याला बोलताना तोडलं होतं, तर पुढच्या मीटिंगमध्ये स्टोअरचा विषय निघाला की प्लांट हेडला म्हणा, "सर, ये काका से पूछ लेते हैं," आणि ते बोलत असताना मध्ये तोंड घालू नका, त्यांचं थोडं चुकत असलं तरी. आमच्या काकांनी साधारण महिनाभर सगळं मेलवरच केलं. मग एक दिवस तेच फोन करून म्हणाले की कार्टनची गाडी घाटाबिल्लोदला उभीये, उद्या सकाळी येईल, लाइन त्या हिशेबाने लाव. मेल नव्हता. इनचार्ज मला येऊन सांगून गेला.

आणि काही लोक नाही विसरत, तेही मान्य करायला हवं. माफी मागितली म्हणून पूर्वीसारखी मैत्री मिळेल असा काही करार नसतो.

एकट्यात सॉरी म्हणणं कुठे पुरत नाही?

भडकताना जातीवरून, धर्मावरून, किंवा एखाद्या बाईला ती बाई आहे म्हणून काही बोलला असाल तर हे पान तुमच्यासाठी नाही. लैंगिक स्वरूपाचं बोलणं असेल तर 2013 चा कायदा आहे, तिला अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करता येते, आणि समेटाची गोष्ट तिने स्वतः मागितली तरच समिती करू शकते. अशा वेळी तिला एकट्यात गाठून सॉरी म्हणायला गेलात तर ते तिला दबाव वाटू शकतं, आणि बरेचदा असतोही. तिथे एचआरकडे या, स्वतःहून, काय बोललात ते जसंच्या तसं सांगा आणि तिच्यापासून लांब रहा.

एकदा सॉरी म्हटलं आणि महिन्याने त्याच माणसावर परत भडकलो तर?

मग दुसरी माफी पहिलीच्या निम्म्या किमतीची आणि तिसरी फुकट. दुसऱ्यांदा बोलताना पहिल्या वेळचं स्वतःच काढा, "मागच्या महिन्यात मी हेच केलं होतं," नाहीतर ते त्याच्या मनात असतंच आणि तुम्ही विसरलात असं दिसतं. आणि त्याच्यापुढे मग शब्दांनी काही होत नाही, काहीतरी कामाची पद्धत बदलावी लागते. बऱ्याच भडक्यांचं मूळ हे असतं की वाईट बातमी पहिल्यांदा मीटिंगमध्येच, सगळ्यांसमोर कळते आणि मग माणूस स्वतःला वाचवायला जो समोर दिसेल त्याच्यावर ढकलतो. पॅकिंगच्या त्या इनचार्जने एवढंच केलं की मीटिंगच्या आधी, सव्वानऊला, स्टोअरला फोन लावायचा आणि विचारायचं, आज काय आलंय, क्वारंटाइनमध्ये काय पडलंय, काल काय अडलं. तीनचार मिनिटांचा फोन. सुरुवातीला काका आकडे सांगून ठेवून द्यायचे, आता सव्वानऊला फोन आला नाही तर तेच लावतात.